नियत कधी फिरली?

सांगली जिल्ह्यातल्या तासगावचा बेदाणा देशभर जातो. उन्हाळ्याच्या तोंडाशी द्राक्षं शेडवर सुकतात. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो. तो निवडून, पेट्यांत भरून कोल्ड स्टोरेजला लागतो आणि भाव बरा मिळेपर्यंत शेतकरी वाट पाहतो. माल शेतकऱ्याचा, पण ताबा दुसऱ्याचा, अशी ही स्थिती काही महिने चालते. काही जण तेवढं थांबत नाहीत, शेडवर आलेल्या व्यापाऱ्यालाच उधारीवर माल देऊन मोकळे होतात.

समजा, अशाच एका शेतकऱ्याचा चार टन बेदाणा होता. किलोला दोनशे रुपये धरले तर आठ लाखांचा माल. आता त्याच्याकडे बेदाणा नाही आणि पैसेही नाहीत. तो पोलीस ठाण्यात जातो आणि म्हणतो, ‘मला फसवलं, माझा विश्वासघात केला.’ तक्रार लिहून घेतली जाते आणि खाली कलमं पडतात : भारतीय न्याय संहिता ३१८(४) आणि ३१६(२). पहिलं फसवणुकीचं, दुसरं फौजदारी न्यासभंगाचं. १ जुलै २०२४ पूर्वीचा व्यवहार असेल तर हीच जोडी भारतीय दंड संहितेच्या ४२० आणि ४०६ या आकड्यांनी येते. ही कलमं वर्षानुवर्षं एकाच ओळीत, एकाच दमात लिहिली जात आहेत. पण एकाच माणसाने, एकाच मालाबाबत, एकाच घटनेत हे दोन्ही गुन्हे केले असं होऊ शकत नाही. एक खरा असेल तर दुसरा आपोआप गळतो.

याचं कारण माणसाची नियत कधी फिरली, या प्रश्नात आहे. फसवणुकीत ती माल हातात येण्याआधीच फिरलेली असते. समोरचा खोटं बोलतो, त्या खोट्यावर भरवसा ठेवून आपण माल देतो. न्यासभंगात माल सरळपणे, विश्वासाने सोपवलेला असतो. घेणाऱ्याच्या मनात तेव्हा काही वावगं नसतं किंवा असल्याचं दाखवता येत नाही; पुढे कधीतरी त्याची बुद्धी फिरते आणि आपल्याकडे सांभाळायला आलेली वस्तू तो स्वतःची समजून वापरतो, विकतो. एकाच मालाबाबत एकाच माणसाची नियत आधीपासून वाईट होती आणि नंतर वाईट झाली, अशा दोन्ही गोष्टी कशा खऱ्या असतील?

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी दिल्ली रेस क्लबच्या खटल्यात हे अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं. एक पुरवठादार क्लबला घोड्यांचं खाद्य देत असे. त्याचे नऊ लाखांहून अधिक रुपये थकले. त्याने उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरच्या न्यायालयात फौजदारी तक्रार केली आणि दंडाधिकाऱ्यांनी क्लबच्या पदाधिकाऱ्यांवर न्यासभंगाच्या कलमाखाली समन्स काढलं. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही ते रद्द केलं नाही. न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि मनोज मिश्रा यांच्या पीठाने मात्र विचारलं, की इथे सोपवलं काय होतं? खाद्य विकलं होतं. विक्री झाली, माल पोचला, मालकी क्लबकडे गेली. आपल्या मालकीच्या वस्तूचा न्यासभंग कोणी कसा करेल? राहिली ती किमतीची थकबाकी, आणि तिच्यासाठी दिवाणी दावा आहे. समन्स रद्द झालं. पोलीस आणि खालची न्यायालयं ही दोन कलमं विचार न करता जोडीने लावतात, याबद्दल न्यायालयाने खंत व्यक्त केली आणि निकालाची प्रत केंद्राच्या विधी व गृह खात्यांच्या सचिवांकडे पाठवायला सांगितली. इतक्या जुन्या कायद्यातली इतकी मूलभूत गोष्ट २०२४ मध्ये पुन्हा शिकवावी लागावी, हे मला फार गंभीर वाटतं; कारण चुकीच्या कलमाची किंमत शेवटी पैसे बुडालेला माणूसच मोजतो.

आता आपल्या शेतकऱ्याकडे परत येऊ. त्याचे आठ लाख नेमके कसे गेले, यावर सगळं ठरणार आहे.

समजा, माल शेडवरून एका परगावच्या व्यापाऱ्याने नेला. पहिल्या खेपेला त्याने पाचशे किलो घेतले आणि रोख पैसे मोजले. दुसऱ्या खेपेला तेवढेच घेतले, दोन दिवसांत खात्यावर रक्कम जमा. तिसऱ्या खेपेला उरलेला सगळा, तीन टन माल उचलला, बाजारापेक्षा किलोला दहा रुपये जास्त देऊ केले आणि पंधरा दिवसांनंतरच्या तारखेचा चेक दिला. चेक परत आला, फोन बंद, भाड्याच्या खोलीला कुलूप. सहा लाखांहून अधिक रक्कम अडकली.

इथे न्यासभंग नाही, हे आधी समजून घेतलं पाहिजे. शेतकऱ्याने बेदाणा सांभाळायला दिला नव्हता, विकला होता. उधारीवर विकला तरी ती विक्रीच. शेतकऱ्यांच्या दृष्टीने ‘विश्वासावर दिला’ हे शंभर टक्के खरं असतं, पण कायद्याला हवा असलेला विश्वास वेगळा आहे : वस्तू माझी, तू ती माझ्यासाठी ठेव, आणि मी सांगेन तसं तिचं कर. उधारी देताना आपण व्यापाऱ्याच्या पैसे देण्याच्या शब्दावर विसंबतो, वस्तू मात्र त्याची होऊन जाते.

मग फसवणूक आहे का? चेक परत आला म्हणजे फसवणूक झाली, असं बहुतेकांना वाटतं. न्यायालय तेवढ्यावर थांबत नाही. २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली कसोटी आजही चालते. करार मोडणं आणि फसवणूक यांतली रेषा बारीक आहे, आणि ती ठरते माल घेतेवेळच्या हेतूवरून. नंतरचं वागणं त्या हेतूकडे बोट दाखवू शकतं, पण नुसतं नंतरचं वागणं पुरत नाही. पैसे दिले नाहीत, एवढ्यावरून पैसे द्यायचेच नव्हते असं मागे जाऊन म्हणता येत नाही.

कायद्याने स्वतःच याचं एक उदाहरण दिलेलं आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत फसवणुकीच्या कलमाखाली निळीच्या रोपांचा व्यवहार आहे. एक जण निळीची रोपं देण्याच्या बोलीवर आगाऊ रक्कम घेतो. घेतानाच त्याला रोपं द्यायची नसतील तर ती फसवणूक. घेताना द्यायची होती, पण पुढे त्याने शब्द मोडला, तर फसवणूक नाही. त्याच्यावर फक्त दिवाणी दावा लागेल. दोन्ही प्रसंगांत पैसे घेतलेले आहेत, रोपं दिलेली नाहीत, समोरच्याचं नुकसान तेवढंच आहे. फरक फक्त पैसे घेतानाच्या क्षणी मनात काय होतं, एवढाच. त्या काळी बंगाल-बिहारमध्ये निळीच्या आगाऊ रकमांवरून किती तंटे होत असतील, याचा अंदाज या एका उदाहरणावरून येतो.

पण मनात डोकावायचं कसं? व्यापारी माल नेताना काय ठरवून आला होता, हे तो कधीच सांगणार नाही. त्यामुळे आजूबाजूच्या गोष्टी पाहाव्या लागतात आणि त्या शक्यतो माल नेण्याच्या आधीच्या किंवा त्याच दिवसांच्या असाव्या लागतात. त्याने सांगितलेलं नाव आणि पेढी खरी होती का? बाजार समितीचा परवाना, जीएसटी नोंदणी यांपैकी काही होतं का? ज्या खात्याचा चेक दिला ते कधी उघडलं आणि चेक लिहिला त्या दिवशी त्यात काय शिल्लक होती? खातं आधीच बंद असेल, तर त्या चेकवर सही करताना तो पैसे द्यायचं म्हणत होता हे कुणाला पटेल? खोली किती दिवसांसाठी घेतली होती? त्याच आठवड्यात गावातल्या आणि शेजारच्या गावांतल्या किती जणांकडून त्याने माल उचलला?

सगळ्यांत बोलकी गोष्ट पुढच्या विक्रीत सापडते. किलोला दोनशे दहा देऊ करून नेलेला बेदाणा त्याने त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजारात एकशे साठला फुंकला असेल, तर ज्याला पैसे चुकते करायचे आहेत असा माणूस तसं करत नाही. खरेदीपेक्षा पन्नास रुपये कमीने विकून तो शेतकऱ्याचे पैसे कुठून देणार होता? बाजारात भाव पडल्याची अफवाही नसताना असा व्यवहार दिसला, तर नियत आधीच फिरलेली होती हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही.

पहिल्या दोन खेपांचे पैसे वेळेवर दिले, ही गोष्ट वकील दोन्ही बाजूंनी वापरतात. आरोपीचा वकील म्हणतो, पाहा, सुरुवातीला तो प्रामाणिक होता. शेतकऱ्याचा वकील म्हणतो, तो सापळा होता. दोघांच्या म्हणण्यातून खरं काय हे एका शेतकऱ्याच्या व्यवहारावरून कळत नाही. पण हीच चाल, दोन छोट्या खेपांचे पैसे चुकते आणि तिसऱ्या मोठ्या खेपेला पसार, दहा-बारा शेतकऱ्यांच्या बाबतीत एकाच पंधरवड्यात दिसली, तर तो योगायोग राहत नाही. म्हणूनच अशा प्रकरणात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, प्रत्येकाच्या तारखा आणि वजनं वेगवेगळी लिहून दिली तर तपासाला खरा आधार मिळतो.

हाच व्यापारी वेगळा असता तर? समजा, तो दहा वर्षं तासगावच्या बाजारात आहे, परवाना आहे, दर हंगामात याच शेतकऱ्याचा माल घेतो. यंदा त्याने माल दिल्लीच्या ज्या पेढीला पाठवला तीच बुडाली. तो फोन उचलतो, महिन्याला वीस-तीस हजार देतो, घर गहाण ठेवायला काढतो. शेतकऱ्याचे आठ लाख अडकले आहेत, दुःख तितकंच आहे. पण हा गुन्हेगार नाही, कर्जदार आहे. याच्यावर फौजदारी तक्रार टाकली तर ती टिकत नाही, आणि टिकू नये, असं माझं मत आहे. व्यवहारात बुडालेल्या माणसाला चोराच्या रांगेत उभं केलं, तर बाजारात उधारी देणारा आणि घेणारा दोघेही संपतील.

मात्र यातही एक बारकावा आहे, आणि तो नेहमी सुटतो. नियतीची तपासणी एकूण माणसाची होत नाही, खेपेची होते. हाच जुना, प्रामाणिक व्यापारी. नोव्हेंबरात त्याला कळलं की दिल्लीची पेढी बुडाली, आपणही संपलो. डिसेंबरात तो दुसऱ्या एका शेतकऱ्याकडे गेला, ‘धंदा झकास चाललाय, पुढच्या सोमवारी पैसे’ असं सांगून दोन टन माल उचलला, विकला आणि कुटुंबासह गाव सोडलं. ऑक्टोबरपर्यंतच्या खेपांची थकबाकी दिवाणी आहे, डिसेंबरच्या दोन टनांची फसवणूक आहे. माणूस तोच, बाजार तोच, फक्त मधल्या काही आठवड्यांत नियत फिरली आणि त्यानंतर त्याने खोटं बोलून नवा माल घेतला. तक्रारीत सगळी रक्कम एकत्र मोडून एकच आकडा लिहिला, की हा फरक दिसेनासा होतो आणि खरा गुन्हाही थकबाकीत मिसळून जातो.

आता तिसरी शक्यता. माल कुणालाही विकलेला नव्हता. चार टन बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवला होता. पावतीवर शेतकऱ्याचं नाव, पेट्यांची संख्या, वजन, लॉट नंबर, महिन्याचं भाडं. दिवाळीनंतर भाव चढला म्हणून शेतकरी माल काढायला गेला, तर त्याच्या लॉटची जागा रिकामी. चालकाने तो दोन महिन्यांपूर्वी विकून टाकलेला.

इथे ‘सोपवणं’ पूर्णपणे आहे. मालकी शेतकऱ्याची, ताबा चालकाचा, आणि त्या ताब्याला पावतीची अट. गोदामवाला आपल्याकडे ठेवलेलं सामान विकून टाकतो, हे उदाहरण कायद्यातही न्यासभंगाखाली आहे. वीस वर्षं चाललेलं कोल्ड स्टोरेज असेल, शेतकऱ्याचा माल मे महिन्यात रीतसर आत गेला असेल, आणि सप्टेंबरात कर्जाचे हप्ते थकल्यावर चालकाने दुसऱ्यांच्या पेट्यांना हात घातला असेल, तर हा स्वच्छ न्यासभंग आहे. मे महिन्यात तो खोटं बोलला नव्हता. बिघाड सप्टेंबरात झाला.

उलट, दोन महिन्यांपूर्वीच उघडलेलं, यंत्रं नीट न बसवलेलं, आसपासच्या दरांपेक्षा निम्म्या भाड्यात माल ओढून घेणारं कोल्ड स्टोरेज असेल, आणि माल आत येताच मागच्या दाराने ट्रक सुटत असतील, तर सोपवणं हे नावापुरतं होतं. शेतकऱ्याने माल दिला तो खोट्या देखाव्यावर भुलून. तिथे फसवणुकीचं कलम लागेल. रिकामी जागा दोन्हीकडे सारखीच दिसते. फरक कळतो तो गेटच्या नोंदवहीवरून, गाड्या कधी आत आल्या आणि कधी बाहेर गेल्या यावरून.

पुराव्याच्या बाबतीत या दोन कलमांत मोठा फरक आहे. फसवणुकीत तक्रारदाराला मागे जाऊन दुसऱ्याच्या मनातली गोष्ट सिद्ध करावी लागते. न्यासभंगात माल सोपवला होता हे एकदा सिद्ध झालं, की ज्याच्याकडे तो होता त्याला हिशोब द्यावा लागतो. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका खटल्यात याच मुद्द्यावर निकाल दिला. सरकारच्या टेक्स्टाइल कमिशनरने एका गिरणीकडे हजारो वार कापड रंगवायला दिलं होतं. कापड परत आलं नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं की ते जुनं झालं, वाळवी आणि कसर लागून गेलं. न्यायालयाने हे उत्तर खोटं ठरवलं आणि सांगितलं, की सोपवलेल्या मालाचा हिशोब देता येत नाही आणि दिलेलं कारण खोटं निघतं, तेव्हा तो माल नेमका कुणाला, कधी विकला हे दाखवता आलं नाही तरी अपहाराचा निष्कर्ष काढता येतो.

अर्थात हिशोब न लागणं म्हणजे प्रत्येक वेळी बेइमानी नव्हे. बेदाण्यात ओलावा कमी होऊन घट येते. पावतीत लिहिलं असेल की सहा महिने भाडं थकल्यास नोटीस देऊन माल विकता येईल, आणि चालकाने खरंच नोटीस देऊन विकला असेल, तर तो चुकला असेल, पण त्याने न्यासभंग केला असं म्हणणं अवघड आहे. चार टनांत शंभर किलो घट समजू शकते, चार टन सगळाच घटत नाही.

तक्रार लिहून देणाऱ्यांच्या हातून नेमकी इथेच चूक होते. जवळपास प्रत्येक तक्रारीत एक ठरलेलं वाक्य असतं : ‘आरोपीचा सुरुवातीपासूनच फसवणूक करण्याचा हेतू होता.’ त्याच्या खाली लगेच ‘विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार केला’ हेही असतं. या दोन वाक्यांत तारखा नाहीत, आणि तारखा नसल्या की दोन्ही पोकळ ठरतात. त्यापेक्षा साधं, क्रमाने लिहिलेलं उपयोगी पडतं. कोण कधी आला, काय म्हणाला, कुणासमोर म्हणाला, किती पेट्या कोणत्या गाडीत भरल्या, वजनकाट्याची चिठ्ठी, चेक कधी दिला आणि कधी परत आला, त्यानंतर तो काय बोलला, मोबाइलवरचे कोणते मेसेज जपून ठेवले आहेत. यावरून नियत कधी फिरली हे वाचणाऱ्याला स्वतःच दिसतं, आणि कलम कोणतं ते ठरवायला तपास अधिकारी आणि न्यायालय आहेत. दोन गुन्ह्यांपैकी कोणता झाला याची खरोखर शंका असेल, तर न्यायालय आरोप ठेवताना ‘हा किंवा तो’ असा पर्यायी आरोप ठेवू शकतं. तशी सोय कायद्यात आहे. मग पोलिसांच्या कागदावर दोन्ही कलमं असण्यात काय बिघडलं, असं कुणी विचारेल. पर्याय म्हणून दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवणं आणि दोन्ही एकाच वेळी खरे म्हणणं यांत फरक आहे, आणि उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज येतो तेव्हा याच फरकावर बोट ठेवलं जातं.

शिक्षाही वेगळी आहे. मालमत्ता मिळवण्यासाठी केलेल्या फसवणुकीला सात वर्षांपर्यंत, साध्या न्यासभंगाला नव्या संहितेत पाच वर्षांपर्यंत. जुन्या ४०६ मध्ये ती तीन वर्षं होती. गोदामवाल्यासारख्या माल सांभाळणाऱ्याला किंवा नोकराला सात, आणि धंद्याच्या नात्याने सोपवलेला माल असेल अशा दलालाला, व्यापाऱ्याला किंवा बँकरला तर जन्मठेपेपर्यंत. त्यामुळे सोपवणं सिद्ध झालं तर न्यासभंग हे ‘हलकं’ कलम राहत नाही.

ज्याचे आठ लाख बुडाले, त्याच्यासाठी मात्र शिक्षेपेक्षा घड्याळ महत्त्वाचं असतं. चेक परत आल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली तक्रार करावी लागते. या तक्रारीत नियत कधी फिरली हे सिद्ध करण्याची गरज नसते, हा तिचा मोठा फायदा. विकलेल्या मालाच्या किमतीसाठीच्या दिवाणी दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. पोलीस ठाण्यात फौजदारी तक्रार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. दोन कलमं जोडीने लावलेला गुन्हा चौथ्या वर्षी उच्च न्यायालयात रद्द होतो आणि हे प्रकरण दिवाणी आहे असं सांगितलं जातं, तेव्हा दिवाणी दाव्याची तारीख निघून गेलेली असते.